भिंतीला चिकटलेली हवा

मे महिन्यात नागपूरच्या घरात एसी चालू असला, तरी नऊ इंची भिंतीतून बाहेरची उष्णता आत झिरपत राहते. ती किती, हे यू-मूल्य सांगतं. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून जितके वॉट जातात, ते भिंतीचं यू-मूल्य.

उष्णतेला भिंतीचे सगळे थर एकापाठोपाठ ओलांडावे लागतात. म्हणून बेरीज करायची ती थरांच्या रोधांची, आणि शेवटी एकला त्या बेरजेने भागायचं. थराचा रोध म्हणजे मीटरमधली जाडी भागिले वाहकता. विटेची वाहकता ०.८१ धरली, तर २३० मिलिमीटर वीटकामाचा रोध ०.२८४ येतो. दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून ३२ मिलिमीटर, वाहकता ०.७२, रोध ०.०४४. बेरीज ०.३२८. इथेच थांबलात तर यू-मूल्य तीनच्या वर जातं, आणि ते चुकीचं असतं.

कारण भिंतीच्या दोन्ही अंगांना हवेचा पातळ पापुद्रा चिकटलेला असतो. आतली हवा संथ, म्हणून तिचा रोध ०.१३, बाहेर वारा पापुद्रा झिजवतो, म्हणून ०.०४. हे धरले की एकूण रोध ०.४९८ आणि यू-मूल्य २.० होतं. या भिंतीचा एक तृतीयांश रोध हवेचाच आहे!

आता तेवढ्याच विटांच्या साडेचार इंची दोन भिंती उभ्या करा आणि मधे ५० मिलिमीटर बंद पोकळी ठेवा. पोकळीचा रोध ०.१८ मिळतो, म्हणजे जवळजवळ सहा इंच वीटकामाइतका. बेरीज ०.६७८, यू-मूल्य १.४७. मग पोकळी १०० मिलिमीटर केली तर? रोध ०.१८च राहतो. साधारण २५ मिलिमीटरपुढे हवा आतल्या आत फिरू लागते आणि वाढलेल्या जाडीचा फायदा खाऊन टाकते. शिवाय पोकळी ओलांडणाऱ्या उष्णतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग प्रारणाने जातो. त्याला अंतराचं सोयरसुतक नाही. त्यामुळे पोकळी रुंद करण्यापेक्षा तिच्या एका अंगाला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावणं मला शहाणपणाचं वाटतं. तो स्वच्छ राहिला तर पोकळीचा रोध तिपटीहून जास्त होतो. धूळ बसली की मात्र लाभ ओसरतो.

हे सगळं पोकळी बंद असेल तरच. तिच्यात बाहेरची हवा मोकळी खेळत असेल, तर गणितातून पोकळी आणि बाहेरची भिंत दोन्ही वगळायची आणि आतल्या भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही संथ हवेचा ०.१३ रोध द्यायचा. आपल्या उदाहरणात यू-मूल्य मग २.४ येतं, म्हणजे भरीव भिंतीपेक्षाही वाईट. तरीही पश्चिमेच्या उन्हात अशी भिंत आतल्या खोलीला थंड ठेवू शकते, कारण बाहेरची भिंत आतलीवर सावली धरते. यू-मूल्यात ऊन मोजलेलं नसतं.