देवपूरचा धूर वर का जात नाही?

जानेवारीतल्या एखाद्या कडाक्याच्या थंडीच्या पहाटे धुळ्यात पांझरेच्या पुलावर उभे राहिले, तर पलीकडच्या देवपुरातील शेकोट्यांचा, बंबांचा आणि जळणाऱ्या पाचोळ्याचा धूर थोडा वर चढतो आणि मग जणू अदृश्य छताला टेकल्याप्रमाणे आडवा पसरतो. दुपारी त्याच ठिकाणी पेटवलेला धूर मात्र सरळ आकाशात विरून जातो. वारा दोन्ही वेळी मंदच असू शकतो, जळण तेच असते. फरक पडतो तो हवेच्या थरांतील तापमानाच्या उतरणीत. ही उतरण मोजण्याची रीत वातावरणशास्त्राच्या पहिल्याच वर्गात शिकवली जाते, आणि बहुतेक विद्यार्थ्यांचा गोंधळही तेथेच सुरू होतो.

गोंधळाचे कारण असे की, उंचीबरोबर तापमान घटण्याचे दर दोन आहेत आणि त्यांची नावे सारखीच भासतात. पहिला शुष्क रुद्धोष्म ऱ्हास दर. हवेचा एखादा पुंजका वर चढला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, तो प्रसरण पावतो आणि त्या प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करतो. बाहेरून उष्णता येत नाही, बाहेर जात नाही, म्हणून 'रुद्धोष्म'. हा दर काढणे सोपे आहे. गुरुत्वीय त्वरण ९.८ भागिले हवेची स्थिर दाबाखालील विशिष्ट उष्णता, म्हणजे किलोग्रॅममागे दर अंशास सुमारे १,००४ ज्यूल. उत्तर येते मीटरमागे ०.००९८ अंश, अर्थात किलोमीटरमागे ९.८ अंश सेल्सिअस. धुळे असो वा लंडन, पहाट असो वा दुपार, हा आकडा बदलत नाही. हवा संपृक्त होऊन तिच्यात ढग धरू लागेपर्यंत तो लागू असतो.

दुसरा दर पर्यावरणीय. तो चढणाऱ्या पुंजक्याचा नसून भोवतालच्या स्थिर उभ्या हवेचा आहे. फुग्याला उपकरण बांधून तो वर सोडला आणि वाटेत जे तापमान नोंदले गेले, त्यावरून तो मिळतो. तो रोज, किंबहुना तासातासाला बदलतो. पाठ्यपुस्तकातील किलोमीटरमागे ६.५ अंश हा आकडा प्रमाण वातावरणासाठी ठरवलेली सरासरी आहे; एखाद्या विशिष्ट दिवशीच्या हवेला तो बांधील नाही. पुष्कळ विद्यार्थी चढणाऱ्या पुंजक्यालाच ६.५ ने थंड करतात आणि मग सगळे गणित बिघडते.

स्थैर्याचा निर्णय या दोघांच्या तुलनेतून होतो. पुंजका वर जाऊन भोवतालच्या हवेपेक्षा थंड ठरला तर जड होऊन परत खाली येतो; हवा स्थिर. उष्ण ठरला तर आणखी वर जातो, हवा अस्थिर.

आता देवपूरचे उदाहरण घेऊ. आकडे गणितासाठी धरलेले आहेत, परंतु खानदेशातील निरभ्र, निवांत थंडीला शोभणारे आहेत. सूर्योदयापूर्वी जमिनीलगत ८ अंश आणि २०० मीटर उंचीवर १२ अंश तापमान आहे. रात्रभर जमिनीने आपली उष्णता आकाशाकडे टाकली, तिला चिकटलेली हवा गारठली, वरची तेवढी गारठली नाही. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. येथे पर्यावरणीय ऱ्हास दर ८ वजा १२ भागिले ०.२, म्हणजे किलोमीटरमागे उणे २० अंश.

जमिनीलगतचा पुंजका १०० मीटर वर ढकलला, तर तो ०.९८ अंशाने थंड होऊन सुमारे ७ अंशांवर येईल. त्या उंचीवरची हवा मात्र १० अंशांवर आहे. पुंजका ३ अंशांनी थंड ठरला. त्याला खाली ओढणारे त्वरण म्हणजे ९.८ गुणिले ३ भागिले भोवतालचे केल्विनमधील तापमान, २८३. उत्तर दर सेकंदास सुमारे ०.१० मीटर प्रति सेकंद. भागाकारात २८३ ऐवजी सेल्सिअसचे १० घातले तर उत्तर २.९ येते, म्हणजे अठ्ठावीस पट चुकीचे. ही चूक उत्तरपत्रिकांत हमखास सापडणारी. सोडून दिलेला पुंजका खाली येतो, वेगाच्या भरात थोडा पुढे जातो, पुन्हा वर येतो. याच आकड्यांनी त्या आंदोलनाचा काळ काढला तर तो सव्वातीन मिनिटांच्या आसपास येतो.

हे छत फोडायला किती उष्णता हवी? २०० मीटरवर पोचताना पुंजका १.९६ अंश गमावणार आणि तेथे त्याला १२ अंशांची बरोबरी करायची आहे. म्हणजे जमिनीलगत तो १२ अधिक १.९६, जवळजवळ १४ अंशांवर असला पाहिजे. सूर्य वर येऊन तापमापी ८ वरून १४ वर गेली की छत मोडते. मोडण्याच्या आधीचा काळ मात्र विचित्र असतो. हवा खालून ढवळली जाऊ लागते आणि उंच धुराड्यांतून निघून वरच्या थरात साठलेला धूर एकाएकी जमिनीवर उतरतो. सकाळी उशिरा, ऊन पडल्यावर घसा खवखवू लागतो तो यामुळेही. छत मोडलेच नाही तर काय होते, हे लंडनने १९५२ च्या डिसेंबरात अनुभवले. पाच दिवस कोळशाचा धूर शहरावर कोंडला आणि हजारो माणसे दगावली.

याच गणिताचा उपयोग शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील केळीबागांत दिसतो. थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या करतात. हवेचा पुंजका १ अंशाने तापवला, तर वरच्या आकड्यांनुसार तो सुमारे ३४ मीटरवर थांबेल. ६ अंशांनी तापवला, तर थेट २०० मीटरवर पोचेल. प्रत्यक्षात धूर भोवतालच्या थंड हवेत मिसळतो, त्यामुळे तो याहून खालीच अडेल. परंतु एकच मोठा जाळ करण्यापेक्षा लहान लहान अनेक शेकोट्या का बऱ्या, हे यातून समजते. मोठ्या जाळाची ऊब बागेवरून निघून जाते.

आता दुपार. जमिनीलगत २८ अंश, ५०० मीटरवर २२.८ अंश. पर्यावरणीय दर ५.२ भागिले ०.५, म्हणजे १०.४ अंश, ९.८ पेक्षा जास्त. वर चढलेला पुंजका २३.१ अंशांवर येईल, भोवतालपेक्षा ०.३ अंशाने उष्ण. हवा अस्थिर, धूर मोकळा. पण निकाल केवळ ०.३ अंशावर उभा आहे, आणि वरच्या तापमापीत अर्ध्या अंशाची चूक असेल तर तो उलटा लागेल. पहाटेच्या उदाहरणात तीच चूक निकालाला धक्काही लावत नाही.

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलेले किमान तापमान हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकते. ती तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, सावलीच्या पेटीत असते. त्यावरून थंडी कळते, स्थैर्य कळत नाही. त्यासाठी वरचा दुसरा आकडा हवाच. तो नसेल तेव्हा पांझरेकाठी धूर कोणत्या उंचीवर आडवा होतो हे पाहावे. तेथील हवा तरी स्थिर आहे, हे त्यावरून कळते.