आधी सँडल, मग टेप

लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि सांगलीच्या नवरीला दिल्लीच्या चांदणी चौकातल्या दुकानातला एक लेहंगा फोटोवरूनच आवडलाय. बारा कळ्यांचा, खाली हातभर रुंद जरीची बॉर्डर. दुकानदार फोनवर तीन मापं मागतो: कंबर, हिप आणि कमरेपासून जमिनीपर्यंतची उंची. आई टेप काढते, मुलगी अनवाणी उभी राहते, उंची भरते ३८ इंच. रिसेप्शनचे सँडल ३ इंची टाचेचे आहेत, म्हणून दोघी सरळ बेरीज करून ४१ इंच कळवतात. लेहंगा घरी येतो तेव्हा तो दीड इंच जास्त लांब निघतो आणि जमिनीवर लोळत असतो.

असा प्रसंग एखाद्याच घरात घडतो असं नाही. साडी उंचीप्रमाणे वरखाली खोचता येते, त्यामुळे कमरेपासून जमिनीपर्यंतचं माप घेण्याची सवय बहुतेक घरांत नसते. लेहंग्याची उंची मात्र शिवतानाच ठरते, आणि ती कुठून मोजायची हाच पहिला प्रश्न आहे.

शिंप्याच्या भाषेत कंबर म्हणजे लेहंगा जिथे बांधला जाणार ती जागा. कुणी तो बेंबीवर बांधतं, कुणी दोन बोटं खाली. जीन्सची कंबर आणखी खाली असते, म्हणून जीन्सचा नंबर इथे उपयोगाचा नाही. सोपा उपाय म्हणजे त्या जागी एक नाडी किंवा इलॅस्टिक बांधायचं आणि सगळी मापं होईपर्यंत ते हलू द्यायचं नाही. कंबरही तिथेच मोजायची, आणि उंचीही तिथूनच. मोजताना अंगावर जाड कुर्ता नको, श्वास नेहमीसारखा हवा, पोट आत ओढायचं नाही. टेपखाली एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे.

कमरेचं हे माप नेमकं लागतं ते वजनामुळे. जरदोसी किंवा आरशांचं भरगच्च काम असलेला लेहंगा काही किलोंचा असतो आणि तो सगळा कमरेवर टांगलेला असतो. पट्टी सैल असेल तर तो घसरून हिपच्या रुंद भागावर जाऊन बसतो. लेहंगा इंचभर घसरला की उंची आपोआप इंचभर वाढते. नाचताना पायाखाली येणाऱ्या अनेक लेहंग्यांची उंची बरोबर असते, चूक असते ती कमरेची.

हिप म्हणजे नितंबांचा सगळ्यात रुंद भाग, साधारणपणे कमरेच्या सात ते नऊ इंच खाली. पाय जुळवून उभं राहायचं, टेप जमिनीला समांतर ठेवायची आणि मागून ती वर सरकली नाही ना, हे दुसऱ्या कुणी तरी पाहायचं. बारा कळ्यांच्या घेरदार लेहंग्यात हिपशी कापड तसंही सैल असतं. तरीही हे माप हवं, कारण बाजूची चेन किती खालपर्यंत न्यायची ते त्यावर ठरतं. पट्टी ३० इंचांची आणि हिप ३८ असेल, तर चेन आखूड ठेवल्यावर लेहंगा पायांकडून चढतच नाही. फिशकटमध्ये कापड मांड्यांपर्यंत अंगाला चिकटून जातं. तिथे बसण्या-उठण्यापुरती निदान दोन इंचांची सैल ठेवावी लागते.

आता उंची. सांगलीतली ती बेरीज चुकली कशी? टाच ३ इंच उचलली तरी चवडा जवळजवळ जमिनीवरच राहतो, म्हणजे पाऊल एका उतारावर उभं असतं. घोटा टाचेच्या टोकावर नसतो, तो जरा पुढे असतो, त्यामुळे तो पुरता ३ इंच वर जात नाही. त्याच्यावरचा पाय आणि कंबरही तितकी वर जात नाही. चवड्याखालीही जाड तळवा असेल, तर त्या जाडीइतकं पाऊल मात्र पूर्ण उचललं जातं. म्हणूनच ४ इंची दोन सँडलांची उंची वेगवेगळी भरू शकते. हे गणित कागदावर करत बसण्यापेक्षा तेच सँडल घालून मोजणं सोपं आणि पक्कं.

त्या नवरीला सँडल घालून उभं केलं असतं तर उंची ४१ नाही, ४०.२५ इंच भरली असती. त्यातून चालण्यासाठी पाऊण इंच वजा केला की तयार उंची ३९.५ येते. मोजताना तिने समोर पाहायचं असतं. ती टेपकडे वाकून पाहू लागली की पुढची बाजू आखूड भरते. उंची समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून अशी मोजावी. पोट आणि नितंबांच्या गोलाईमुळे या आकड्यांत अर्धा-एक इंचाचा फरक पडतो, आणि तो कळवला नाही तर घेर एका बाजूने उचललेला दिसतो.

जास्त झालेला दीड इंच खालून कापून टाकता येत नाही, कारण तिथे बॉर्डर आहे. तो वरून, पट्टी उसवूनच काढावा लागतो. इथे कळीचा आकार आडवा येतो. समजा प्रत्येक कळी वर अडीच इंच आणि खाली १८ इंच रुंद आहे. ४१ इंचांच्या लांबीत ती साडेपंधरा इंच पसरते, म्हणजे वरून दीड इंच खाली आलं की कळी अर्ध्या इंचाहून जरा जास्त रुंद असते. बारा कळ्यांचे मिळून जवळजवळ ७ इंच होतात. ३० इंचांची कंबर ३७ होते. मग बाराही शिवणी आत घ्याव्या लागतात, आणि काम वरपर्यंत असेल तर बुट्टे शिवणीत अर्धे गडप होतात.

कॅनकॅनचा हिशेब वेगळा. आतल्या कडक जाळीने घेर बाहेर फेकला जातो आणि कापड सरळ न लोंबता तिरकं उतरतं. घेर कमरेपासून १२ इंच बाहेर गेला तर ३९.५ इंचांच्या उंचीला ४१ इंचांहून थोडं जास्त कापड लागतं. ही भर कारागीर घालतो. म्हणून चिठ्ठीवर सरळ जमिनीपर्यंतची उंची लिहायची आणि कॅनकॅन हवा की नको ते सांगायचं. दोघांनीही भर घातली तर लेहंगा पुन्हा लोळतो. शिवून झाल्यावर कॅनकॅन लावला तर घेर इंच-दीड इंच उचलला जातो आणि सँडल उघडे पडतात.

शेवटचा प्रश्न मांडवाचा आहे. लेहंगा संगीत किंवा रिसेप्शनलाच घालायचा असेल तर टाचेच्या मापाने शिवावा. सप्तपदीलाही तोच असेल तर तिथे चपला काढाव्या लागतात, आणि ३ इंची टाचेच्या मापाचा लेहंगा अनवाणी पायाखाली दीड इंच येतो. अशा वेळी टाच दीड इंचापर्यंत उतरवणं हा साधा मार्ग आहे. त्या टाचेवर कंबर इंचभरच वर जाते. पाऊण इंच वजा करून शिवलेला लेहंगा मांडवात जेमतेम जमिनीला टेकतो, आणि पावलं टाकताना तो पुढून चिमटीत धरला तरी पुरतं.

सांगलीच्या नवरीची चिठ्ठी मग अशी झाली असती: कंबर ३०, बेंबीवर, हिप ३८, कमरेखाली ८ इंचांवर, तयार उंची समोर ३९.५, मागे ४०, सँडल घालून मोजलेली, टाच ३ इंच, कॅनकॅन नाही, वर दोन इंच मार्जिन सोडणे.