‘गेट’: आधी खोडा, मग सोडवा

जळकोटला घरीच ‘गेट’ची तयारी करणाऱ्यांसाठी संगणक-रचनेचा एक नमुना. हिट टाइम २ नॅनोसेकंद, मिस रेट ५ टक्के, मिस पेनल्टी १०० नॅनोसेकंद. सरासरी अ‍ॅक्सेस टाइम किती? पर्याय: १.५, ७, ९७ नॅनोसेकंद किंवा ७ सायकल.

क्लॉकचा वेग दिलेलाच नाही, म्हणून ‘सायकल’ बाद. एकही मिस नसला तरी २ लागतातच, १.५ गेला. सगळेच मिस झाले तर १०२. पण इथे मिस शंभरात पाचच, मग ९७ कसे? उरले ७: २ + ०.०५ × १००.

मात्र पर्यायांत ६.९ असेल, तर खोडून भागत नाही. पेनल्टीत हिट टाइम धरला आहे का, हे प्रश्नातच वाचा. दोन गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नात चुकल्यास दोन-तृतीयांश गुण कापतात.