टाकी गळत नाही, पण ताब्यात घेतली का?

पीएमपी ही अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची परीक्षा आता पुण्या-मुंबईतल्या सिव्हिल इंजिनियरांपासून सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत पुष्कळजण देतात. 2021 साली बदललेल्या तिच्या स्वरूपात 180 प्रश्न आणि 230 मिनिटं होती, म्हणजे प्रश्नाला साधारण सव्वा मिनिट. एवढ्या वेळात ज्या जोडीवर हमखास गोंधळ उडतो ती म्हणजे ‘कंट्रोल क्वालिटी’ आणि ‘व्हॅलिडेट स्कोप’. दोन्हींत तयार झालेली वस्तू तपासली जाते. दोन्हींच्या साधनांच्या यादीत ‘इन्स्पेक्शन’ आहे. दोन्ही देखरेख आणि नियंत्रणाच्या गटातच मोडतात. त्यामुळे प्रश्नात ‘तपासणी’ दिसली की उमेदवाराचं बोट दोन पर्यायांमधे घुटमळतं.

व्याख्या पाठ करून हा गोंधळ जात नाही. एखादं काम बांधणीपासून ताब्यापर्यंत बघितलं तर जातो. समजा, एका कॉलेजच्या वसतिगृहासाठी ठेकेदार 50 हजार लिटरची उंचावरची आरसीसी टाकी बांधतो आहे. कॉलेज हे ग्राहक. ठेकेदाराकडचा प्रकल्प व्यवस्थापक हा आपला परीक्षार्थी.

काँक्रीट एम 30 प्रतीचं ठरलं आहे. ओतकाम चालू असताना त्यातूनच 150 मिलिमीटरचे घन भरले जातात. तीन घनांचा एक नमुना. ते पाण्यात ठेवून 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात आणि दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन भार पेलला ते रजिस्टरात लिहितात. शटरिंग काढल्यावर भिंतीवर कुठे भोकंभोकं राहिली आहेत का, म्हणजे साइटच्या भाषेत हनीकोंब झालंय का, ते बघतात. शेवटी गळतीची चाचणी. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस 3370 सांगतं, की टाकी भरून काँक्रीटला पाणी शोषून घ्यायला सात दिवस द्यायचे आणि पुढचे सात दिवस बाहेरची बाजू पाहायची. ती कोरडी राहिली, कुठे ओल आली नाही, तर टाकी समाधानकारक.

इथवरचं सगळं कंट्रोल क्वालिटी. या टप्प्यावर विचारायचा प्रश्न एकच: जे बनवायचं ठरलं ते नीट बनलं आहे का? उत्तर मोजून मिळतं. घन फोडल्यावर आकडा येतो, भिंत ओली असते किंवा नसते. या प्रक्रियेतून मोजमापांच्या नोंदी बाहेर पडतात आणि त्यांच्या आधारावर ‘व्हेरिफाइड डिलिव्हरेबल’, म्हणजे तपासून बरोबर ठरलेली वस्तू. हनीकोंब सापडलं तर दुरुस्ती सुचवणारा बदल-अर्जही इथूनच निघतो.

आता एक बारकावा. घन फोडताना कॉलेजचा इंजिनियर प्रयोगशाळेत हजर होता, त्याने रजिस्टरवर सहीही केली. मग ग्राहकाने काम स्वीकारलं का? नाही. त्याची सही आकडा खरा आहे याची साक्ष आहे. टाकी आम्ही घेतली, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. ‘ग्राहक दिसला की व्हॅलिडेट स्कोप’ हा क्लासमधे सांगितला जाणारा सोपा नियम या ठिकाणी दगा देतो आणि मला तो शिकवणंच चुकीचं वाटतं. तपासणीला कोण उभं आहे यापेक्षा त्या तपासणीतून कोणता निर्णय निघणार आहे ते बघावं. वस्तू बरोबर आहे की नाही हा निर्णय असेल तर कंट्रोल क्वालिटी. वस्तू घेतली की नाही हा निर्णय असेल तर व्हॅलिडेट स्कोप.

टाकी कोरडी राहिली, घनांचे आकडे चांगले आले. व्यवस्थापक कॉलेजला पत्र देतो आणि स्वीकृतीसाठी पाहणी ठरते. ही पाहणी म्हणजे व्हॅलिडेट स्कोप. इथे हातात प्रयोगशाळेचे रिपोर्ट असतातच, पण त्यांच्यासोबत सुरुवातीला दोघांनी मान्य केलेलं स्कोप स्टेटमेंट आणि त्यातले स्वीकृतीचे निकष असतात. समजा त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. टाकी गळता कामा नये. शिडीला सुरक्षेचा पिंजरा हवा. आणि पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी पंपघराच्या दारातून वाचता आली पाहिजे, कारण पंप चालू-बंद करणारा माणूस तिथे असतो.

पहिल्या दोन गोष्टींवर टिक होते. मग सगळे पंपघराच्या दारात जाऊन उभे राहतात आणि पंपवाला म्हणतो, “साहेब, इथून तर पट्टी दिसतच नाही.” पट्टी टाकीच्या उत्तर बाजूला आहे आणि पंपघर दक्षिणेला. नकाशा काढणाऱ्याने पट्टी उत्तरेला दाखवली होती, मिस्त्रीने नकाशाप्रमाणे बसवली, क्वालिटीच्या माणसाने नकाशाशी ताडून बरोबर म्हटलं. चेकलिस्ट नकाशावरून बनली होती, स्कोप स्टेटमेंटवरून नव्हे. एकही चाचणी नापास झाली नाही आणि तरी ग्राहकाचं काम अडलं.

इथे प्रश्नकर्ता विचारतो: व्यवस्थापकाने आता काय करावं? एका पर्यायात ग्राहकाला घनांचे रिपोर्ट दाखवून पटवायला सांगितलेलं असतं. दुसऱ्यात मिस्त्रीला बोलावून लगेच पट्टी हलवायची असते. तिसऱ्यात प्रायोजकाकडे तक्रार. बरोबर उत्तर यापेक्षा शांत असतं. हा भाग स्वीकारलेला नाही ही गोष्ट कारणासह लेखी नोंदवायची आणि दोष-दुरुस्तीसाठी बदल-अर्ज करायचा. पट्टी हलवल्यावर तेवढ्या भागाची पुन्हा गुणवत्ता तपासणी होते, नव्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं का ते बघितलं जातं आणि मगच ग्राहकाला पुन्हा बोलावलं जातं. पट्टी हलवण्याची घाई केली तर टाकीच्या भिंतीला भोक पाडूनही गळतीची चाचणी राहून जाईल. क्रमाचा आग्रह आहे तो यासाठी.

त्याच पाहणीत कॉलेजचे रेक्टर म्हणतात, “टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायला हवा, तेवढा सेन्सर लावून टाका.” मागणी रास्त आहे, खर्चही फार नाही. पण ती स्कोप स्टेटमेंटमधे कुठेच नाही. पट्टीचं प्रकरण दोषाचं होतं, कारण लिहिलेलं दिलं नव्हतं. सेन्सरचं प्रकरण नव्या मागणीचं आहे. यासाठीही बदल-अर्जच होतो, पण आधी खर्च, वेळ आणि वायरिंगवर होणारा परिणाम तपासला जातो, मग मंजुरी. ग्राहक खूश व्हावा म्हणून सेन्सर फुकट लावणारा पर्याय परीक्षेत मोठा मोहक दिसतो आणि तो चूकच असतो. उलट, सेन्सर नाही म्हणून टाकी नाकारता येत नाही, कारण मान्य निकषांत तो नव्हता. परीक्षेत ‘ग्राहक नाराज आहे’ असं वाक्य आलं की मी विद्यार्थ्यांना आधी एवढंच शोधायला सांगतो: नाराजीचं कारण लिहिलेल्या निकषात आहे की बाहेर?

प्रश्न फिरवून कसे विचारतात तेही बघण्यासारखं आहे. टाकीची गळती चाचणी झाली, निकाल नोंदवला, पुढे काय? उत्तर व्हॅलिडेट स्कोप. तिथे ‘प्रकल्प बंद करा’ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, पण बंद करण्याच्या प्रक्रियेला ‘अ‍ॅक्सेप्टेड डिलिव्हरेबल’ लागतं आणि ते अजून हातात नाही. दुसऱ्या प्रश्नात ग्राहकाच्या पाहणीतच भिंतीवर ओल सापडते आणि विचारतात, काय राहून गेलं? घटना व्हॅलिडेट स्कोपमधे घडते, चूक मात्र कंट्रोल क्वालिटीतली आहे, कारण ओल ग्राहकाच्या आधी आपल्याला दिसायला हवी होती. घाईत वाचणारा घटना जिथे घडली तेच उत्तर निवडतो. तिसऱ्यात संघातल्या कुणाला हनीकोंब सापडतं आणि पर्यायांमधे ‘ग्राहकाची संमती घ्या’ असतं. पण वस्तू अजून तपासून बरोबर ठरलेलीच नाही, तेव्हा स्वीकृतीचा विषयच आलेला नाही.

सहसा गुणवत्ता आधी आणि स्वीकृती नंतर. तरी दोन्ही समांतर चालू शकतात, ही सूट पीएमबोक या संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथानेच दिली आहे. शिवाय स्वीकृती प्रकल्पाच्या शेवटी एकदाच होते असंही नाही. पाया, खांब, टाकी असे टप्पे वेगळे सुपूर्द करायचे ठरले असतील तर प्रत्येकावर वेगळी सही होते. जिथे काम स्प्रिंटमधे चालतं तिथे संघाने ठरवलेली ‘डेफिनिशन ऑफ डन’ गुणवत्तेची बाजू सांभाळते आणि प्रॉडक्ट ओनरचा होकार स्वीकृतीची. नावं बदलली तरी निर्णय तेच दोन.

प्रत्यक्ष साइटवर मात्र ही रेघ एवढी स्वच्छ नसते. बांधकामाच्या करारात ताबा दिल्यावरही दोष-दायित्वाचा काळ असतो. त्या काळात टाकी गळली तर ठेकेदाराला ती दुरुस्त करून द्यावी लागते, सही झाली असली तरी. कधी किरकोळ कामांची यादी जोडून अटींसह ताबा घेतला जातो. अनुभवी इंजिनियर परीक्षेत अडखळतात ते इथेच, कारण ते आपल्या करारातल्या सवयीने उत्तर देतात. प्रश्नात करार दिलेला नसेल तर ग्रंथातला क्रम धरावा.

एक इशारा जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी. पीएमबोकच्या चौथ्या आवृत्तीत स्वीकृतीच्या प्रक्रियेचं नाव ‘व्हेरिफाय स्कोप’ होतं आणि गुणवत्ता तपासणीतून ‘व्हॅलिडेटेड डिलिव्हरेबल’ बाहेर पडत असे. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही शब्दांची अदलाबदल झाली आणि 2017 च्या सहाव्या आवृत्तीतही तीच नावं राहिली. मोठ्या भावाच्या किंवा ऑफिसातल्या वरिष्ठांच्या जुन्या नोट्सवरून अभ्यास करत असाल तर आधी आवृत्ती तपासा. नाहीतर पाठ केलेलं प्रत्येक उत्तर नेमकं उलटं पडेल.