चौतिसावी पिन

परभणी जिल्ह्यातल्या अनेक महाविद्यालयांचा अभ्यासक्रम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून येतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या इथल्या अनेकांच्या हाताखालून 8085 चा किट गेलेला आहे. हिरवा बोर्ड, सोळा आकडी कळफलक, चार अंक पत्त्याचे आणि दोन अंक माहितीचे दाखवणारा लाल डिस्प्ले. इंटेलची ही चाळीस पायांची चिप 1976 सालची. आज तिच्यावर नवी यंत्रं बनत नाहीत, तरी शिकवायला ती अजून उत्तम आहे, कारण तिच्यात काहीही झाकलेलं नाही. मेमरी कुठली आणि उपकरण कुठलं, हे यंत्र कसं ओळखतं ते तिच्या चौतिसाव्या पायावर पाहता येतं.

8085 ला पत्त्याच्या सोळा तारा आहेत, म्हणजे 65,536 जागा. त्या तारांच्या पलीकडे काय बसवलंय, याचा तिला पत्ता नसतो. ती पत्ता टाकते, 'वाच' किंवा 'लिही' असा इशारा देते आणि आठ माहितीतारांवर जे येईल ते घेते किंवा द्यायचं ते त्यांच्यावर ठेवते. समोर रॅम आहे, कळफलक आहे की मोटरचा रिले आहे, हे बोर्ड बनवणारा ठरवतो. ठरवण्याचं हे काम डिकोडर करतो.

किटवर बहुधा 74138 दिसतो. त्याला निवडीचे तीन पाय आणि आठ बाहेरवाटा. तीन पायांना सर्वांत वरच्या तीन पत्तातारा जोडल्या, की 64 के ची जागा आठ-आठ के च्या आठ भागांत विभागली जाते. पहिली वाट 0000H ते 1FFFH. तिथे ईप्रॉम, कारण रीसेट झाल्यावर 8085 शून्य पत्त्यापासूनच कामाला लागते. दुसरी वाट 2000H ते 3FFFH, तिथे रॅम. एका वेळी एकच वाट खाली जाते आणि तेवढीच चिप जागी होते.

आता 8255 ही पोर्टची चिप जोडायची आहे. तिच्यात चार रजिस्टरं: तीन पोर्ट आणि एक कंट्रोल. एक मार्ग असा, की तिला डिकोडरची पाचवी वाट द्यायची. मग 8000H ते 8003H हे तिचे पत्ते झाले आणि `STA 8000H` म्हटलं की पोर्टवर माहिती गेली. याला मेमरी-मॅप्ड पद्धत म्हणतात. फायदा असा, की मेमरीला चालणारी प्रत्येक सूचना पोर्टलाही चालते. `INR M` ने पोर्टवरचा आकडा थेट एकाने वाढवता येतो. किंमतही आहे. चार रजिस्टरांसाठी आठ के चा अख्खा भाग गेला. शिवाय 8255 फक्त खालच्या दोन तारा पाहते, त्यामुळे 8004H वर लिहिलं तरी ते 8000H वरच जातं. त्या भागात तिची 2048 प्रतिबिंबं उभी राहतात.

दुसरा मार्ग आयसोलेटेड, म्हणजे उपकरणांसाठी पत्त्यांची वेगळी वही. गावात गट नंबर 20 असतो आणि घर नंबर 20 ही असतो. आकडा तोच, पण एक तलाठ्याच्या दप्तरात आणि दुसरा ग्रामपंचायतीच्या. कुठलं दप्तर उघडायचं, हे 8085 चा चौतिसावा पाय सांगतो. त्याचं नाव आयओ/एम. मेमरीचं काम असेल तेव्हा तो खाली असतो; `IN` किंवा `OUT` सूचना प्रत्यक्ष पोर्टशी बोलते त्या क्षणी वर जातो. हाच पाय मेमरीच्या डिकोडरला खाली असताना जागं करणाऱ्या पायावर जोडतात, आणि पोर्टच्या डिकोडरला वर असताना जागं करणाऱ्या पायावर. एकच तार एकाला उठवते तेव्हा दुसऱ्याला झोपवते. `OUT` ला दहा घड्याळठोके लागतात, `STA` ला तेरा. किटवर नेहमी दिसणारा 6.144 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर हे सुमारे 3.3 आणि 4.2 मायक्रोसेकंद झाले.

ही तार चुकली तर काय होतं, ते ब्रेडबोर्डवर बघण्यासारखं आहे. समजा, मेमरीच्या 74138 चा चौथा पाय 8085 च्या चौतिसाव्या पायाऐवजी ग्राउंडला लागला. किट चालू होतो, डिस्प्ले पेटतो, प्रोग्रॅमही भरता येतो. पोर्टचा पत्ता 20H धरून ही चाचणी चालवू:

```
MVI A,80H
OUT 23H
MVI A,55H
OUT 20H
HLT
```

प्रोग्रॅम 2100H पासून ठेवायचा आणि आधी 2020H वर हाताने AAH भरायचं. चालवल्यावर पोर्टवरचे दिवे एकाआड एक लागतात. सगळं ठीक वाटतं. रीसेट करून 2020H उघडलं तर तिथे AAH नसून 55H असतं. कारण असं: `OUT` च्या वेळी 8085 आठ बिटांचा पोर्ट पत्ता वरच्या आणि खालच्या दोन्ही अर्ध्यांवर टाकते. 20H चा झाला 2020H. तो रॅमच्या भागात पडतो, मेमरीचा डिकोडर कायम जागा आहे आणि 'लिही'चा इशारा दोघांना एकच. पोर्टने घेतलं आणि रॅमनेही घेतलं. 23H वर लिहिलेलं 80H तसंच 2323H वर जाऊन बसलेलं असतं.

ही चूक फसवी आहे, कारण पोर्ट बरोबर चालतो. प्रोग्रॅम मोठा झाला, त्याचा डेटा 2020H च्या आसपास आला, की मगच आकडे आपोआप बदलू लागतात आणि दोष प्रोग्रॅमवर जातो. `IN` मध्ये हाल जास्त: रॅम आणि 8255 एकाच वेळी माहितीतारांवर बोलतात, वाचलेला आकडा दोघांची खिचडी होतो आणि चिपा तापतात. याउलट तोच चौथा पाय हवेत सुटला, तर तो सहसा 'वर' समजला जातो, ईप्रॉम जागीच होत नाही आणि किट मुका राहतो. तो दोष लवकर सापडतो.

आज परभणीच्या काळ्या जमिनीतला ओलावा मोजायचा प्रकल्प करणारा विद्यार्थी बहुधा अर्डुइनो उनो घेतो. त्यातल्या एटीमेगा328 मध्ये डिकोडर चिपच्या आतच असतो, आणि दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. पोर्ट बी चं रजिस्टर `OUT` साठी 0x05 वर आहे, तर मेमरीच्या सूचनांसाठी 0x25 वर. रजिस्टर एकच, दारं दोन. 0x60 ते 0xFF मधल्या रजिस्टरांना मात्र `IN`-`OUT` पोचतच नाहीत. ती फक्त मेमरीच्या दाराने उघडतात. साधी रॅम सुरू होते 0x0100 पासून.

ओलाव्याचा आकडा याच वरच्या पट्ट्यात येतो. तो दहा बिटांचा असल्यामुळे दोन रजिस्टरांत विभागलेला असतो: `ADCL` 0x78 वर आणि `ADCH` 0x79 वर. ही रॅम असती तर कुठलाही अर्धा कितीही वेळा वाचून काही बिघडलं नसतं. इथे `ADCL` वाचलं की दोन्ही रजिस्टरं कुलूपबंद होतात आणि `ADCH` वाचेपर्यंत नवा आकडा आत शिरत नाही. दोन वेगळ्या मोजण्यांचे अर्धे एकत्र येऊ नयेत म्हणून ही सोय. फक्त `ADCL` वाचत राहिलं, तर जमिनीला पाणी दिलं तरी आकडा जागचा हलत नाही, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो. पत्ता मेमरीसारखा दिसला म्हणून पलीकडे मेमरी असतेच असं नाही. म्हणून वायर तपासायच्या आधी डेटाशीटमधला पत्त्यांचा नकाशा उघडावा आणि आपला पत्ता कुठल्या पट्ट्यात पडतो ते पाहावं.