पंचेचाळीस पानांचे एक पान

प्रबंधाचे दुसरे प्रकरण बहुधा एकाच चालीने चालते. अमक्यांनी १९८० मध्ये असे म्हटले, तमक्यांनी १९९२ मध्ये तसे मांडले, त्यानंतर आणखी कुणी काही सुचवले. पंचेचाळीस पाने आणि साठ-सत्तर संदर्भ झाले की मार्गदर्शक म्हणतात, “हे सगळं मला एका पानावर दाखव.” विद्यार्थी घरी जाऊन प्रत्येक परिच्छेदाची एक ओळ करतो, अक्षरांचा आकार कमी करतो आणि पान भरून आणतो. एकपानी नकाशा म्हणजे प्रकरणाचा सारांश, हा पहिला गैरसमज तिथेच पानावर उतरतो.

सारांशात लेखक रांगेने उभे असतात. नकाशात प्रश्न मांडलेले असतात आणि लेखक त्यांच्याभोवती बसतात, कधी शेजारी, कधी समोरासमोर. हा फरक एखाद्या विषयावर करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांचा विषय त्यासाठी सोयीचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्यानंतर या विषयावर समाजशास्त्रज्ञांनी लिहिले, मानववंशशास्त्रज्ञांनी लिहिले, अर्थतज्ज्ञांनीही लिहिले. समजा, एखादी विद्यार्थिनी यावर प्रबंध करते आहे. तिच्या प्रकरणात बा. सि. बाविस्करांचे कोपरगावच्या कारखान्यावरचे १९८० चे पुस्तक आहे, डोनाल्ड ॲटवुड यांचे १९९२ चे ‘रेझिंग केन’ आहे, यान ब्रेमन यांचे १९७८ चे लेखन आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांचा २००१ चा निबंध आणि संदीप सुखटणकर यांचा २०१२ चा निबंध आहे. बाकीचे पन्नास-साठ संदर्भ यांच्या आगेमागे येतात.

तिने प्रत्येक संदर्भाची एक चिठ्ठी करावी. चिठ्ठीवर चारच गोष्टी: लेखकाने कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर दिले, पुरावा कसला, आणि तो कुठला व कधीचा. दुसऱ्या गोष्टीला एक कसोटी लावायची. ते उत्तर कुणाला नाकारता येईल का? ‘ॲटवुड यांनी सहकाराचा सखोल अभ्यास केला’ हे वाक्य कुणीच नाकारणार नाही, म्हणून ते नकाशात येत नाही. ‘यंत्रे पूर्ण क्षमतेने चालवायला भरपूर ऊस लागतो, त्यामुळे मोठ्या बागायतदारांना लहान शेतकऱ्यांना बरोबर घ्यावेच लागले’ हे वाक्य नाकारता येते. ते आत येते.

चौथी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सर्वात जास्त चुका तीच पकडते. ऊसतोड मजुरांच्या स्थितीसाठी ब्रेमन यांचा आधार घेताना तो महाराष्ट्राचा म्हणून सहज वापरला जातो. तो अभ्यास दक्षिण गुजरातमधल्या बारडोली भागातला आहे. मजूर खानदेशातून गेलेले, कारखाने गुजरातेतले. प्रकरणाच्या तिसाव्या पानावर ही बाब लपून राहते. एका पानावर ‘बारडोली’ हा शब्द कोपरगावच्या शेजारी बसला की लगेच खुपतो.

चिठ्ठ्या झाल्या की त्या लेखकाप्रमाणे किंवा सालाप्रमाणे लावायच्या नाहीत, प्रश्नाप्रमाणे लावायच्या. इथे तीन ढीग होतात. हे कारखाने टिकले कसे? त्यातला पैसा कुणाकडे जातो? आणि ऊस तोडतो कोण, कुठल्या अटींवर? साठ संदर्भांना तीन प्रश्न फारच कमी वाटतात, पण सातावर गेले तर कागदावर पुन्हा अनुक्रमणिकाच उभी राहते.

आता दुसरा गैरसमज. दोन लेखक वेगळे बोलले की त्यांच्यात वाद आहे, असे धरून दोघांमध्ये दुहेरी बाण काढला जातो. ॲटवुड यांच्या मांडणीत लहान शेतकऱ्याला कारखान्यात जागा आहे. बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी १९७१ ते १९९३ या काळातल्या जवळपास शंभर सहकारी कारखान्यांची आकडेवारी तपासली. परिसरातल्या जमीनधारणेतली विषमता वाढली की उसाला मिळणारा भाव खाली येतो, असे त्यांना दिसले. कारण, सत्ता हाती असलेले मोठे सभासद भाव दाबून ठेवतात आणि कारखान्यात उरलेला पैसा आपल्याकडे वळवतात. वरवर पाहता दोघे आमनेसामने आहेत. पण पहिला प्रश्न लहान शेतकरी आत येतो का हा आहे आणि दुसरा, आत आल्यावर त्याला काय मिळते हा. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. त्या बाणावर ‘वाद’ न लिहिता ‘प्रवेश / भाव’ लिहिले, तर चर्चा पुढे सरकते. सुखटणकरांना राजकीय नियंत्रणाखालच्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी उसाचा भाव घसरलेला आढळला. त्यांची चिठ्ठीही ‘भाव’ याच बाजूला येते, कारण मात्र वेगळे: तिथे जमिनीची विषमता नाही, प्रचाराचा खर्च आहे.

सर्वात हट्टी गैरसमज संशोधनातल्या उणिवेबद्दलचा आहे. ‘अमुक तालुक्यातल्या कारखान्यांचा अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य कितीतरी प्रबंधांत उणीव म्हणून मिरवते. अभ्यास न झालेले तालुके ढिगाने सापडतील. तो तालुका पाहिल्याने एखाद्या मांडणीला धक्का बसणार असेल, तरच ती उणीव ठरते.

नकाशावर अशा जागा दोन प्रकारे दिसतात. एक म्हणजे ज्या मांडणीखालची जमीन सरकली आहे तिथे. बॅनर्जी आणि सहकाऱ्यांची आकडेवारी १९९३ ला थांबते. साखर उद्योग १९९८ मध्ये परवानामुक्त झाला, खासगी कारखाने वाढले. उसाला शेजारीच दुसरे गिऱ्हाईक असेल, तर सहकारी कारखान्यातल्या मोठ्या सभासदांना भाव दाबून ठेवता येईल का? हा प्रश्न नुसते ‘नवी आकडेवारी हवी’ म्हणण्यापेक्षा टोकदार आहे, कारण उत्तर ‘नाही’ आले तर जुनी मांडणी एका विशिष्ट काळापुरती ठरते.

दुसरी जागा दोन ढिगांमधली. भावाबद्दल लिहिणारे शेतकऱ्याकडे पाहतात, मजुरांबद्दल लिहिणारे उचल, मुकादम आणि नवरा-बायको मिळून धरला जाणारा एक कोयता यांच्याकडे. नकाशात या दोन ढिगांना जोडणारी एकही रेघ नसते. व्यवहारात ती आहे: महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च उसाच्या भावातूनच वजा होतो. भाव दाबला गेला की त्याचा ताण सभासद सोसतो की कोयत्यापर्यंत पोहोचतो, हे विचारायला जागा आहे.

मात्र ही जागा खरोखर रिकामी आहे का, हे आधी पाहायला हवे. फक्त इंग्रजी नियतकालिके चाळून ‘यावर काही झालेले नाही’ असे लिहिणे धोक्याचे. शोधगंगावर मराठीतले प्रबंध आहेत, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे. त्यामुळे शोध ‘ऊसतोड’, ‘उस तोड’, ‘तोडणी मजूर’ अशा वेगवेगळ्या शब्दांनी आणि देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत घ्यावा लागतो. कुठे, कोणत्या शब्दांनी आणि कधी शोधले, ते नकाशाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवले की मौखिक परीक्षेत कामी येते.

राहता राहिले ते पन्नास संदर्भ. त्यातले बरेचसे नकाशात नावानिशी येत नाहीत, आणि विद्यार्थिनीला ते फार जिवावर येते. त्यांची जागा प्रकरणात असते. एखाद्या चिठ्ठीवर नाकारता येणारे वाक्य लिहिताच आले नाही, तर तो संदर्भ प्रकरणात तरी का आहे, हा प्रश्न मात्र तिथून सुरू होतो. अशा तपासणीनंतर पंचेचाळीस पानांची बत्तीस झाली, तर मार्गदर्शक तक्रार करतील असे वाटत नाही.