सीआरआर घटला, तर पैसा किती वाढतो?

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरआर, म्हणजे रोख राखीव प्रमाण, ४ वरून ३ टक्क्यांवर टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले. बँकिंगच्या परीक्षेत यावरून हमखास येणारा प्रश्न असा: सर्व बँकांच्या ठेवी मिळून १०,००० कोटी रुपये आहेत. सीआरआर ४ टक्क्यांचा ३ टक्के झाला, तर ठेवी जास्तीत जास्त किती वाढतील?

आधी राखीव रक्कम काढू. ४ टक्क्यांनी बँकांना ४०० कोटी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत होते, आता ३०० कोटी पुरतात. म्हणजे १०० कोटी मोकळे झाले. ते कर्जाऊ दिले की कर्जदार ज्याला पैसे देतो, त्याच्या खात्यात ते पुन्हा ठेव म्हणून येतात. त्यातले ३ टक्के बाजूला ठेवून उरलेले ९७ कोटी दुसरी बँक कर्जाऊ देते, आणि हे चक्र पुढे चालू राहते. एकूण वाढ १०० ÷ ०.०३, म्हणजे सुमारे ३,३३३ कोटी.

बरेच जण इथे ०.०४ ने भागतात आणि २,५०० कोटी लिहितात. पण नव्या ठेवींना नवे प्रमाण लागते. ताळा सोपा आहे: १३,३३३ कोटींचे ३ टक्के बरोबर ४०० कोटी होतात. बँकांची राखीव रक्कम तेवढीच राहिली, तिच्यावर उभा राहिलेला ठेवींचा डोलारा मात्र वाढला. रिझर्व्ह बँकेने बँकांकडून १०० कोटींचे रोखे विकत घेतले असते, तर मूळ राखीव रक्कमच वाढली असती.

प्रत्यक्षात लोक काही पैसा हातात ठेवतात. समजा, प्रत्येक नव्या रुपयाच्या ठेवीमागे १७ पैसे रोख राहतात. मग भाजक ०.०३ + ०.१७ = ०.२० होतो. ठेवी ५०० कोटींनी आणि लोकांच्या हातातली रोकड ८५ कोटींनी वाढते. पैशाचा पुरवठा एकूण ५८५ कोटींनीच वाढला. बँकांनी कर्ज देण्यात हात आखडता घेतला, तर तेवढाही वाढत नाही.

आता व्याजदर. मोकळा पैसा बँका आधी एकमेकींना एका रात्रीसाठी देऊ करतात, त्यामुळे कॉल मनीचा दर उतरतो. पण जादा पैसा रिझर्व्ह बँकेच्या स्थायी ठेव सुविधेत ठेवता येतो. जून २०२५ मध्ये रेपो दर ५.५० टक्के होता आणि या सुविधेचा ५.२५. तिथे ५.२५ टक्के मिळत असताना कोणती बँक दुसरीला त्याहून फार स्वस्तात पैसे देईल? म्हणून दर साधारण तिथेच थांबतो.

उत्तर लिहिण्यापूर्वी एवढे तपासा: मूळ राखीव रक्कम बदलली, की फक्त प्रमाण? प्रमाण बदलले असेल, तर भागाकार नव्या प्रमाणानेच करायचा.